उरलेले दोन हजार

फळ्यावर एका घराचा महिन्याचा हिशेब मांडलेला होता. वडील कुपवाडच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कामाला, आई घरी शिवणकाम करणारी, दोन मुलं शाळेत. दोघांची मिळून कमाई २६,००० रुपये. हे घर गणिताच्या बाईंनी स्वतःच रचलेलं होतं. वर्गातल्या कुणाच्या घरचे आकडे चारचौघांत विचारायचे नाहीत, हा त्यांचा नियम. शाळेनं त्यांना नववी-दहावीच्या मुलांपुढे ‘बचत आणि गुंतवणूक’ या विषयावर भाषण करायला सांगितलं होतं. त्यांनी भाषणाची सुरुवात बेरजेपासून केली.

भाडं ४,५००, किराणा ७,०००, दूध-भाजी ३,५००. गॅस, वीज, औषधं, मोबाइलचं रिचार्ज, शिकवणी आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून ५,५००. झाले २०,५००. त्यापुढे वडिलांच्या नव्या फोनचा हप्ता १,९००, आणि बाहेरचं खाणं, एखादा शर्ट, एखादा सिनेमा असं करून १,६००. म्हणजे २४,०००. उरले २,०००.

“यातलं गरजेचं कोणतं आणि हौसेचं कोणतं?” बाईंनी विचारलं. मुलांनी झटपट वाटणी केली. किराणा, भाडं, औषधं गरजेत. सिनेमा आणि हॉटेल हौसेत. फोनवर मात्र वर्ग फुटला. एक म्हणाला, फोनशिवाय आज कामच होत नाही, कारखान्यातले निरोपही फोनवर येतात. दुसरीचं म्हणणं, २२,८०० चा फोन ही शुद्ध चैन आहे.

बाईंनी दोघांनाही बरोबर ठरवलं, आणि माझ्या मते त्या तासातली पहिली मोलाची गोष्ट इथे होती. आपण वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवतो, ही गरजेची, ती हौसेची. पण रेघ बऱ्याचदा दोन वस्तूंमध्ये नसते, एकाच वस्तूच्या किमतीत असते. निरोप, पैसे पाठवणं, मुलांचा अभ्यास एवढं सगळं नऊ हजारांच्या फोनवर होत असेल, तर त्या फोनमधले पहिले ९,००० गरजेचे आणि वरचे १३,८०० हौसेचे. हप्त्याचे तसेच दोन भाग पाडले तर १,९०० पैकी ७५० गरजेचे आणि १,१५० हौसेचे निघतात. शाळा चार किलोमीटरवर असेल तर सायकल गरज, तिचे गिअर हौस. चप्पल गरज, तिच्यावरचा कंपनीचा शिक्का हौस.

“हौस करूच नये का?” मागच्या बाकावरून प्रश्न आला.

“करावी की. फक्त तिला गरजेच्या रकान्यात लपवू नये. लपवली की ती दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते कमी करता येत नाही.”

ओळखायची कसोटीही त्यांनी दिली. ही खरेदी तीन महिने पुढे ढकलली तर नेमकं काय अडेल, ते एका वाक्यात सांगायचं. “औषध ढकललं तर रक्तदाब वाढेल,” हे उत्तर झालं. “सगळ्यांकडे आहे,” हे उत्तर नाही. मुलं हसली, कारण ते वाक्य बहुतेकांनी घरी वापरलेलं असणार.

मग बाई उरलेल्या दोन हजारांकडे वळल्या. यांचं काय करायचं? हात भराभर वर आले. एसआयपी, असं सात-आठ जण एकदम म्हणाले. म्युच्युअल फंडांच्या जाहिराती मुलांना पाठ असतात. महिन्याला दोन हजार, बारा टक्के, वीस वर्षं, हे गणित एकाने पाटीवर लिहिल्यासारखं म्हणून दाखवलं. गणित चुकीचं नव्हतं. बाईंनी त्याला शाबासकी दिली आणि फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर नवा रकाना आखला. जूनमध्ये वह्या, पुस्तकं, गणवेश: ७,०००. दिवाळी: ९,०००. दुचाकीचा विमा आणि दुरुस्ती: ३,०००. लग्नाचे आहेर आणि गावची जत्रा: ५,०००. बेरीज २४,०००. बाराने भागले तर महिन्याचे २,०००.

वर्ग गप्प झाला. उरलेले दोन हजार उरलेले नव्हतेच. ते आधीच खर्च झालेले होते, फक्त त्यांची तारीख यायची होती.

मोठ्या माणसांचं बजेट बहुतेक इथेच फसतं असं मला वाटतं. जून आणि दिवाळी दर वर्षी येतात, तरी आपण त्यांना अडचण म्हणतो आणि त्यांच्यासाठी उसनवारी करतो. अडचण म्हणजे जिची तारीख माहीत नाही ती: आजारपण, अपघात, काम सुटणं. ज्याची तारीख माहीत आहे तो खर्च कितीही मोठा असला तरी महिन्याच्या हिशेबातच धरायचा. या घरानं दोन हजारांची एसआयपी सुरू केली असती, तर ती जूनमध्ये बंद पडली असती, किंवा जूनचे सात हजार कुणाकडून तरी व्याजानं आले असते. दुसरी शक्यता जास्त, कारण चालू केलेली एसआयपी बंद करायची माणसाला लाज वाटते, कर्ज काढायची तितकीशी वाटत नाही.

मग बचत येणार कुठून? बाईंनी उत्तर मुलांकडूनच काढून घेतलं. फोनचे हप्ते बारा महिन्यांत संपतील. तेव्हा ते १,९०० मोकळे होतात. पण मोकळ्या झालेल्या पैशाला चार दिवसांत नवा खर्च सापडतो, म्हणून हप्ता संपला तरी तो भरायचा, आता स्वतःच्या खात्यात. त्यात हौसेच्या १,६०० मधले निम्मे, ८०० मिळवायचे. महिन्याला २,७०० झाले. पगार एक तारखेला होत असेल तर बँकेला सांगून ठेवायचं की तीन तारखेला एवढे पैसे दुसऱ्या खात्यात आपोआप वळते कर. महिनाअखेरीला जे उरेल ते बाजूला टाकू, असं म्हणणाऱ्या घरात सहसा काही उरत नाही.

किती साठवायचे याचंही माप याच फळ्यावर होतं. घराची गरज महिन्याला २०,५००. काम सुटलं तर नवं मिळेपर्यंत निदान तीन महिने तग धरता यावी, म्हणजे ६१,५००. अर्थसल्लागार तीन ते सहा महिन्यांचा खर्च सांगतात; दोघांपैकी एकाची नोकरी पक्की असेल तर तीन पुरतात, एकट्याच्या कमाईवर घर असेल किंवा कमाईच हंगामी असेल तर सहाकडे झुकावं. हे माप कमाईवर नाही, गरजेवर धरायचं. गरज आणि हौस वेगळी काढण्याचा खरा उपयोग इथे होतो: संकटात हौस आपोआप थांबते, म्हणून तिच्यासाठी साठवावं लागत नाही. ६१,५०० ला २,७०० नी भागलं की तेवीस महिने येतात. दोन वर्षांना एक कमी.

“दोन वर्षं नुसते बँकेत?” एसआयपीवाला मुलगा पुन्हा उठला. “बाई, लवकर सुरू केलं तर चक्रवाढीचा फायदा जास्त मिळतो ना?”

हा प्रश्न खरा आहे, आणि बचत आधी म्हणणारे बरेचसे लोक तो टाळतात. बाईंनी टाळला नाही. दोन वर्षं महिन्याला २,७०० बारा टक्क्यांनी वाढले तर साधारण ७२,८०० होतात. बँकेच्या बचत खात्यात तीन टक्के धरले तर ६६,७०० च्या आसपास. म्हणजे दोन वर्षं थांबण्याची किंमत सुमारे सहा हजार रुपये. बारा टक्क्यांची हमी कोणी देत नाही, तरी धरून चालू. आता समजा, त्या दोन वर्षांत एकदा ३६,००० रुपयांची अचानक गरज पडली आणि हाताशी काहीच नाही. सावकाराचा दर शेकडा तीन, म्हणजे शंभराला महिन्याला तीन. ऐकायला लहान, वर्षाला ३६ टक्के. महिन्याचं व्याज १,०८०, सहा महिन्यांचं ६,४८०. दोन वर्षांची सगळी जादा कमाई एका आजारपणात गेली, आणि मुद्दल अजून फेडायचंच आहे.

“पण पंचवीस वर्षं धरली तर?” मुलगा बसायला तयार नव्हता.

“तर तुझं बरोबर आहे. सुरुवातीच्या दोन वर्षांचे पैसे पंचवीस वर्षांत खूप वाढतात. अट एकच, की पंचवीस वर्षं त्यांना हात लागता कामा नये. ती अट कोण पाळू शकतं? ज्याच्याकडे हात लावायला दुसरे पैसे आहेत तो.”

हे कागदावरचं राहू नये म्हणून त्यांनी मुलांना लहानपणी पाहिलेलं एक वर्ष आठवायला लावलं. २०२० च्या जानेवारीच्या मध्याला मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स ४१,९०० च्या वर होता. २३ मार्चला, एकाच दिवसात जवळजवळ ३,९३५ अंकांनी कोसळून, तो २५,९८१ वर बंद झाला. दोन दिवसांनी देशभर टाळेबंदी लागली. फळ्यावरच्या वडिलांचं वर्कशॉप बंद झालं. खर्च आखडून, रेशनचं धान्य आणून, आईनं मास्क शिवूनही महिन्याला १२,००० कमी पडायला लागले, असं समजू. तीन महिन्यांचे ३६,०००.

आता दोन घरं घ्या. दोन्हींकडे जानेवारीत ६०,००० आहेत. पहिल्या घरानं सगळे सेन्सेक्सच्या मागे चालणाऱ्या फंडात घातले. दुसऱ्यानं ४५,००० बँकेत ठेवले आणि १५,००० त्याच फंडात. मार्चच्या त्या दिवशी पहिल्याचे ६०,००० झाले ३७,०००. घरात पैसे नाहीत, बातम्या भीतीच्या, म्हणून त्यांनी सगळे काढले. तीन महिने कसेबसे निघाले आणि हातात हजार रुपये राहिले. दुसऱ्या घराच्याही फंडातल्या १५,००० चे ९,३०० झाले होते, पण त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. ३६,००० बँकेतून काढले, तिथे ९,००० उरले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सेन्सेक्सनं जानेवारीची पातळी पुन्हा ओलांडली आणि फंडातले १५,००० भरून आले. दोन्ही घरांची रक्कम सारखी, संकट सारखं, खर्च रुपयाला रुपया सारखा. एका घराकडे शेवटी २४,०००, दुसऱ्याकडे १,०००.

अगदी तळाचा दिवस निवडला म्हणून हा फरक एवढा मोठा दिसतो, हे बाईंनी आपणहून सांगितलं. एप्रिलच्या अखेरीला विकले असते तर तोटा कमी झाला असता. पण त्यांचा मुद्दा आकड्याच्या पलीकडचा होता. बाजार पडणं आणि आपलं काम जाणं या दोन वेगळ्या दुर्दैवी घटना नव्हेत. बऱ्याचदा एकाच कारणानं त्या एकाच आठवड्यात येतात. कारखाने बंद पडतात म्हणून शेअर पडतात, आणि कारखाने बंद पडतात म्हणूनच पगार थांबतो. अडीनडीला उपयोगी पडतील म्हणून बाजारात ठेवलेले पैसे नेमके अडीनडीलाच सर्वांत कमी असण्याची शक्यता मोठी. गुंतवणुकीआधी बचत का, याचं मी ऐकलेलं सर्वांत पटणारं कारण हेच. एरवी आपण शिस्त, सवय, संस्कार वगैरे सांगत बसतो.

एका मुलीनं विचारलं की तिचा भाऊ फोनवर ऑप्शन्स करतो, त्याला काय म्हणायचं. बाईंनी सेबीच्या २०२४ च्या अहवालातला आकडा सांगितला: वायदे आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तीन वर्षांत एकूण तोटाच झाला. “ती गुंतवणूक नाही,” एवढं म्हणून त्या पुढे गेल्या.

राहिला प्रश्न हे ६१,५०० ठेवायचे कुठे. इथे दोनच गोष्टी बघायच्या: मागितले की मिळाले पाहिजेत, आणि जेवढे ठेवले तेवढे तरी मिळाले पाहिजेत. वाढ तिसरी. घरातली गल्लीची भिशी पहिल्याच कसोटीला अडते. तिथे पैसे आपली पाळी येईल तेव्हा मिळतात, दवाखान्याची पाळी येईल तेव्हा नाही. शिवाय आधी उचलून पुढचे हप्ते बुडवणारा एखादा निघाला, तर दाद कुणाकडे मागायची हा प्रश्न असतोच. पोस्टाची आवर्ती ठेव चांगली, महिन्याला शंभर रुपयांपासून सुरू होते, सरकारी आहे. पण ती पाच वर्षांची असते, तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, आणि हप्ता चुकला तर दंड पडतो. अकरावी-बारावीच्या खर्चासाठी ती योग्य, मध्यरात्रीच्या आजारपणासाठी नाही. त्यासाठी साधं बचत खातं, घरखर्चाच्या खात्याहून वेगळं, शक्यतो ज्याला यूपीआय जोडलेलं नाही असं. रक्कम वाढली की त्यातली निम्मी बँकेच्या मुदत ठेवीत टाकता येते. ती मुदतीआधी मोडली तर थोडं व्याज कापलं जातं, मुद्दल राहतं.

बँक कोणती, हेही बघावं लागतं. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची परवानगी होती. मुंबईत त्या बँकेच्या दारात उभ्या राहिलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. त्या वेळी ठेवींना विम्याचं संरक्षण एक लाखापर्यंत होतं; फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत आहे. हा विमा व्यापारी आणि सहकारी, दोन्ही प्रकारच्या बँकांतल्या ठेवींना मिळतो. आपल्या गावोगावच्या पतसंस्था मात्र बँका नाहीत आणि त्या या विम्यात येत नाहीत. दारावर पिग्मी गोळा करायला येणारा माणूस ओळखीचा असतो, आपुलकीनं बोलतो, एक-दोन टक्के जास्तही देतो. तरी तीन महिन्यांच्या गरजेची रक्कम तिथे ठेवू नये, असं बाई स्पष्ट म्हणाल्या. मागे बसलेल्या दोन शिक्षकांना ते फारसं रुचलं नसावं.

मुलांना स्वतःला काय करता येईल? दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या सहीनं खातं चालवता येतं, ५०० रुपयांत उघडतं. एके काळी शाळाशाळांत संचयिका असायची, मुलं आठवड्याला चार आणे-आठ आणे भरायची आणि वर्गशिक्षक पासबुकात लिहायचे. बऱ्याच ठिकाणी ती केव्हाच बंद पडली. बाईंनी वर्गाला एक काम दिलं: महिनाभर मिळालेला प्रत्येक रुपया, खाऊचा असो की पाहुण्यांनी हातावर ठेवलेला, वहीत लिहायचा, आणि खर्चापुढे तीन महिन्यांची कसोटी लावून एकाच वाक्याचं उत्तर लिहायचं. घरचा हिशेब लिहायचा नाही, फक्त स्वतःचा.

बचतीची बाजू मांडताना तिची मर्यादाही त्यांनी लपवली नाही. बचत खात्यावर बँका अडीच-तीन टक्के देतात, पोस्ट चार. महागाई त्याहून जास्त असेल त्या वर्षी खात्यातले पैसे आकड्यानं वाढतात आणि किराणा कमी आणतात. म्हणून ६१,५०० भरले की त्याच खात्यात भर घालत राहण्यात अर्थ नाही. चोविसाव्या महिन्यापासून तेच २,७०० त्याच तारखेला फंडात वळवायचे, मग सेन्सेक्स कुठे आहे ते रोज बघायचं कारण उरत नाही. पण त्याआधी घरावर शेकडा दोन-तीनचं कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर पहिला महिना-दीड महिन्याचा खर्च साठवून लगेच ते फेडावं. वर्षाला २४ ते ३६ टक्के वाचवून देणारा कुठलाही फंड बाजारात नाही.

घंटा व्हायला पाच मिनिटं होती तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “आणि बाई, साठवलेले वापरले तर? मग परत पहिल्यापासून?”

“जेवढे वापरले तेवढे. वीस हजार गेले तर वीस हजार भरून येईपर्यंत एसआयपी थांबवायची. साधारण साडेसात महिने. फंडात आधी जे आहे ते तिथेच राहू द्यायचं.”

मुलीनं वहीत भागाकार करून पाहिला आणि मान डोलावली.